हात पुढे करू की जोडू?

घरी कामात असाल तर हात चालू द्या, कान इकडे ठेवा. आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. पाहुणा पुरुष समोर आला, तर त्याच्याशी हात मिळवायचा की हात जोडायचे, एवढाच. पण याच्यापायी आमच्या एका गटाला दोन वर्षं दरमहा जास्तीचा हप्ता भरावा लागला. म्हणून बोलते आहे.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातला हा अकरा जणींचा गट. शेंगाचटणी आणि कडक भाकरी करतो. बँकेकडून तीन लाखांचं कर्ज मंजूर व्हायचं होतं आणि शाखेचे नवे साहेब गट बघायला आले. तरुण माणूस, शहरातून आलेला, वागायला चांगला. चपला काढून आत आले आणि थेट आमच्या अध्यक्षकाकूंसमोर हात पुढे केला. काकूंनी त्याच क्षणी हात जोडले होते. साहेबांचा हात हवेत. ते बघून काकूंनी गडबडीने जोडलेले हात सोडले आणि उजवा पुढे केला, तेवढ्यात साहेबांनी आपला मागे घेऊन नमस्कार केला. आता काकूंचा हात हवेत. मागे बसलेल्या दोघी-तिघी पदराआड हसल्या. साहेब कसनुसं हसले. काकूंचा चेहरा उतरला तो उतरलाच.

पुढची पाऊण तास बैठक झाली. साहेबांनी बैठकीचं, बचतीचं रजिस्टर पाहिलं, परतफेड पाहिली, सगळं चोख होतं. शेवटी विचारलं, "हप्ते चोवीस करायचे की छत्तीस?" याचं उत्तर काकूंकडे तयार होतं. आदल्याच आठवड्यात गटात ठरलं होतं की पेरणीच्या दिवसांत कुणाच्या हातात पैसा नसतो, म्हणून छत्तीसच मागायचे. पण काकू मान वर करेनात. सचिव मुलगी भांबावली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, साहेब." चोवीस लिहिले गेले. तीन लाखाला चोवीस हप्ते म्हणजे नुसत्या मुद्दलाचे महिन्याला साडेबारा हजार, छत्तीस असते तर आठ हजार तीनशेच्या आसपास. व्याज वेगळं. दर बाईमागे महिन्याला पावणेचारशे रुपयांचा फरक पडला. संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी दुसरीला बसव पुढं. मला मोठ्या लोकांत वागायचं कळत नाही."

मला ते फार लागलं. कारण काकूंची चूक नव्हती आणि साहेबांचीही नव्हती. घडलं काय ते नीट बघू.

हात मिळवायला दोन माणसं लागतात. एकाने हात पुढे केला की तो एक प्रश्न विचारतो, आणि समोरच्याने हात दिल्याशिवाय तो प्रश्न सुटत नाही. तोवर सगळ्यांच्या नजरा त्या एका हातावर. म्हणजे समोरच्याला 'नको' म्हणायचं असेल तर ते चारचौघांत म्हणावं लागतं. नमस्काराचं तसं नाही. मी हात जोडले की माझा नमस्कार तिथेच पूर्ण झाला. समोरच्याने हात जोडले, मान हलवली, छातीवर हात ठेवला, काहीही केलं तरी शोभतं. त्याच्या अंगाला मी हात लावलेला नाही आणि त्याच्याकडे काही मागितलेलंही नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. हात मिळवायला माणूस अगदी जवळ, हाताच्या अंतरावर यावा लागतो. नमस्कार पाच-सहा पावलांवरून होतो, अंगणातून ओसरीवर सुद्धा होतो. त्या दिवशी काकू खोलीच्या आतल्या बाजूला, सतरंजीच्या कडेला उभ्या होत्या. साहेब आत येईपर्यंत कुणी काही बोललंच नाही. ते हाताच्या अंतरावर आले तेव्हा दोघांनीही एकदम सुरुवात केली. तोच नमस्कार काकूंनी दारात, साहेब चपला काढत असताना केला असता, तर साहेबांनी वर बघून आपसूक हात जोडले असते. उशीर झाला म्हणून गोंधळ झाला.

तिसरी गोष्ट म्हणजे नियम दोन आहेत आणि दोन्ही अर्धवट सगळ्यांच्या डोक्यात आहेत. जुन्या इंग्रजी रिवाजात पुरुषाने थांबायचं आणि बाईने आधी हात पुढे करायचा, असं असे. आताच्या ऑफिसांत मात्र जो वरच्या हुद्द्याचा किंवा यजमान, तो आधी हात देतो, मग बाई असो की पुरुष. साहेब दुसऱ्या नियमाने वागले. त्यांच्या मनात होतं की बाई म्हणून यांना वगळायचं नाही, अध्यक्षांचा मान अध्यक्षांना द्यायचा. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. आता यात वाईट काय आहे? काहीच नाही. उलट असे साहेब लोक कमीच. कितीतरी ठिकाणी काय होतं ते तुम्ही पाहिलंय. सरपंच बाई खुर्चीत असते आणि अधिकारी येऊन तिच्या नवऱ्याशी हात मिळवतो, तिच्याकडे बघून नुसती मान हलवतो.

या वगळण्याबद्दल आधी बोलायला हवं, कारण 'बायकांना नमस्कार बरा' असं म्हणून विषय संपत नाही. आमच्याच गटाची सचिव बी.कॉम. झालेली आहे. एका मेळाव्यात कृषी खात्याचे एक अधिकारी स्टॉलवर आले. शेजारच्या शेतकरी कंपनीच्या तीन पुरुषांशी त्यांनी खळखळून हात मिळवले, पाठीवर थाप दिली आणि हिच्यापाशी आल्यावर दुरून नमस्कार करून पुढे गेले. ती रात्री मला म्हणाली, "ताई, त्यांच्याशी हात मिळवताना दोन शब्द बोलले गेले, किती माल जातो ते विचारलं. माझ्याशी नमस्कार झाला आणि विषय संपला." तिचं म्हणणं अगदी खरं आहे. तिला हात नको होता असं नाही, तिला त्या हाताबरोबर येणारं बोलणं हवं होतं.

आता याच्या उलट बाजू. गटात आमच्या एक भाभी आहेत. त्या बायकांशी गळाभेट सुद्धा करतात, पण परक्या पुरुषाशी हात मिळवत नाहीत. त्यांच्या धर्माच्या समजुतीप्रमाणे नात्याबाहेरच्या पुरुषाला स्पर्श करू नये. त्या उजवा हात छातीवर ठेवतात, किंचित झुकतात आणि "सलाम" किंवा "नमस्कार" म्हणतात. त्यांचीच धाकटी जाऊ, तीही डोक्यावर ओढणी घेते, ती मात्र कुणाशीही बिनधास्त हात मिळवते. म्हणून कपड्यावरून ओळखायला जाऊ नका. एक वारकरी घरातली आजी आहे. वारीत माउली म्हणून ती कुणाही माणसाच्या पायाला हात लावते, पण साहेबाच्या हातात हात द्यायला लाजते. एकीला संधिवात आहे, जोरात हात दाबला की कळ येते. एकीला तिच्या सासरच्यांनी फोटोवरून सुनावलं होतं. कारणं वेगवेगळी, आणि यातलं एकही कारण पाहुण्याला चारचौघांत सांगायची तिच्यावर वेळ येऊ नये.

आणि पुरुषांनाही नको असू शकतं, हे आपण विसरतो. जैन साधू स्त्रीला स्पर्श करत नाहीत, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. साध्वीही पुरुषाला स्पर्श करत नाहीत. काही मुस्लिम पुरुष, तसेच कडक रीत पाळणारे यहुदी पुरुष परस्त्रीशी हात मिळवत नाहीत. साधा भिडस्त माणूसही नको म्हणू शकतो. आमच्या सचिवेने एकदा उत्साहाने एका मौलवींपुढे हात केला आणि त्यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. तिला वाटलं, बाई म्हणून हिणवलं. तसं नव्हतं.

पण मग एक अडचण उरते. पुरुषांशी हात मिळवतो आणि बाईला छातीवर हात, हे वगळणंच नाही का? या प्रश्नावर परदेशात कोर्टबाजी झाली आहे. स्वीडनमध्ये एक तरुण मुस्लिम मुलगी दुभाषाच्या नोकरीच्या मुलाखतीला गेली. तिने पुरुषाशी हात मिळवला नाही, छातीवर हात ठेवला आणि मुलाखत तिथेच थांबवली गेली. कंपनीचं म्हणणं, आमच्याकडे स्त्री-पुरुष सगळ्यांना सारखं वागवायचा नियम आहे. मुलीचं म्हणणं, मी स्त्री-पुरुष दोघंही असले की दोघांनाही छातीवर हात ठेवूनच अभिवादन करते. 2018 साली तिथल्या कामगार न्यायालयाने मुलीच्या बाजूने निकाल दिला आणि चाळीस हजार क्रोनर भरपाई द्यायला लावली. त्याच वर्षी शेजारच्या डेन्मार्कने उलटा कायदा केला. नागरिकत्व घ्यायच्या समारंभात अधिकाऱ्याशी हात मिळवलाच पाहिजे, असा. आणि जेमतेम सव्वा वर्षात कोरोना आला आणि सगळ्या जगाचाच हात मिळवणं बंद झालं. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी स्पेनच्या राजाला हात जोडून नमस्कार केल्याची चित्रं तेव्हा टीव्हीवर आपण पाहिली.

स्वीडनच्या त्या मुलीची एक गोष्ट मी आमच्या गटात घेतली. एका खोलीत, एका रांगेत, सगळ्यांना एकच अभिवादन. पुरुषाला हात आणि बाईला नमस्कार असं करायचं नाही, आणि साहेबाला नमस्कार अन् शिपायाला काहीच नाही असंही करायचं नाही. आपली रीत सगळ्यांना सारखी असली, की ती कुणाच्या अंगावर येत नाही.

एवढं ठरल्यावर आम्ही त्याची रंगीत तालीम केली. हसू नका. गटाच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर वीस मिनिटं. मी साहेब झाले, काखेत पर्स, पायात चपला. अकरा जणी आळीपाळीने दारात. पहिल्या दोघी-तिघींना हसू आवरेना, पण चुका लगेच दिसल्या.

सगळ्यात मोठी चूक, शब्दच नसायचे. हात जोडायचे पण तोंड बंद आणि नजर खाली. समोरच्याला कळत नाही की नमस्कार झाला का पदर सारखा केला. म्हणून आधी आवाज. माणूस सहा-सात पावलांवर असतानाच "नमस्कार साहेब, या" असं ऐकू जाईल इतकं म्हणायचं आणि शब्दाबरोबर हात जोडायचे. आधी शब्द कानावर गेला की समोरच्याचा हात पुढे यायच्या आतच जोडला जातो. शब्द कुठला, ते ज्याचं त्याने ठरवावं. आमच्याकडे कुणी "रामराम" म्हणतं, कुणी "जय भीम", कुणी "सलाम", तांड्यावरच्या बायका "जय सेवालाल" म्हणतात. समोरचा ज्या शब्दाने बोलला त्याच शब्दाने परत दिलं तर त्याला बरं वाटतं, पण तो तोंडात बसत नसेल तर साधा "नमस्कार" पुरतो.

दुसरी चूक, एका हातात काहीतरी असायचं. पिशवी, मोबाईल, रजिस्टर. मग अर्धा नमस्कार होतो, तो कपाळाला हात लावल्यासारखा दिसतो. दारात उभी राहणारीचे दोन्ही हात मोकळे हवेत. किंवा मग दोन्ही हात मुद्दाम भरलेले हवेत. औक्षणाचं ताट किंवा गुलाबाचं फूल जिच्या हातात आहे तिच्यापुढे कुणी हात करत नाही, त्यामुळे जिला अगदीच अवघड वाटतं तिला ते काम द्यावं. शालीचं मात्र सांभाळा. पुरुष पाहुण्याने बाईच्या खांद्यावर शाल घालायची की हातात द्यायची, हे सूत्रसंचालन करणारीने आधीच ठरवावं. आम्ही आता घडी केलेली शाल ताटात ठेवून देतो. ज्याचं त्याने पांघरावं.

आता खरा अवघड भाग. आपण नमस्कार केला तरी समोरचा हात पुढे करतोच, किंवा आपल्याला बोलायच्या आतच करतो, तेव्हा काय?

ज्यांना हात द्यायला हरकत नाही त्यांनी सरळ द्यावा. तळहात तळहाताला टेकू द्यायचा, नुसती बोटं पुढे करायची नाहीत. नुसती बोटं दिली की समोरचा तीच पकडतो आणि मग ते हातात हात धरल्यासारखं दिसतं. साधारण एखादं वाक्य म्हणून होईपर्यंत हात हातात असतो, "मी या गटाची सचिव", आणि सोडायचा. हात चटणीने भरलेला असेल तर दाखवून सांगायचं, त्यात काही लाज नाही.

ज्यांना द्यायचा नाही त्यांनी जोडलेले हात जोडलेलेच ठेवायचे. सोडायचे नाहीत, मागे सरायचं नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघून, हसून म्हणायचं, "मी नमस्कारच करते हं. बरं झालं आलात, बसा." एवढंच. 'आमच्यात चालत नाही', 'घरचे ओरडतील', 'माफ करा' यातलं काही नको. कारण सांगितलं की समोरच्याला त्याच्यावर बोलावं लागतं आणि ते लांबतं. "बसा" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्याने त्या हाताला काम मिळतं. तो खुर्ची ओढतो आणि विषय पुढे जातो. भाभी हेच करतात, फक्त हात छातीवर असतो.

खोटं कारण मात्र सांगू नये, हे मी अनुभवाने सांगते. मी स्वतः एकदा "हात ओले आहेत" म्हणून वेळ मारून नेली होती. त्या सद्गृहस्थांनी खिशातून रुमाल काढून दिला. निघताना पुन्हा हात पुढे केलाच, तेव्हा तर हात कोरडे ठणठणीत होते.

आणि हात आपला असेल आणि समोरच्याने घेतला नाही, तर? आपला उजवा हात मागे ओढायचा नाही, डावा त्याच्याकडे न्यायचा आणि तिथेच नमस्कार करायचा. बघणाऱ्याला वाटतं, तुम्ही नमस्कारच करणार होता. "अरे देवा, सॉरी सॉरी" करायचं नाही आणि "का हो, हात देत नाही, कोरोना आहे का?" असला विनोद तर मुळीच करायचा नाही. तालमीत हा भाग सगळ्यात जास्त वेळा करून घेतला. काकूंनी तो पाच-सहा वेळा केला.

एक गोष्ट वेगळी ठेवते, कारण ती अभिवादनात बसत नाही. कुणी हात धरून ठेवला, दोन्ही हातांनी कवळला, अंगठा फिरवला, दंडाला धरलं, तर ते रीतीचं नव्हे. तिथे रीत पाळायला जाऊ नका. एक पाऊल मागे घेऊन हात सोडवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "हात सोडा." कामाच्या ठिकाणी असं वारंवार होत असेल तर 2013 च्या कायद्याखाली तक्रार करता येते. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तिथल्या किंवा मालकाविरुद्धच्या तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. लिहायला मदत लागली तर गटाच्या सहयोगिनीला सोबत घ्या.

तृतीयपंथी पाहुण्या आल्या तर काय करायचं, हे एका बैठकीत विचारलं गेलं. आमच्याकडे एक जण येतात, त्यांचाही बचत गट आहे. त्या म्हणाल्या होत्या, "लोक एकतर आशीर्वाद मागतात नाहीतर लांब सरकतात. साधा नमस्कार कुणी करत नाही." त्यावर जास्त काही बोलायला नको. रांगेतल्या बाकीच्यांना जे, तेच त्यांना. जवळ जाऊन गळाभेट करायची की नाही, ते त्यांनी पुढाकार घेतला तर कळेल.

समन्वयक म्हणून माझं काम याच्याही आधी सुरू होतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी वेळ पक्की करायला फोन करतेच. त्यातच सहज सांगते, "साहेब, आमच्या गटात स्वागत नमस्काराने होतं." कुणा एकीचं नाव घेत नाही, कुणाचा धर्म सांगत नाही. भाभींना चालत नाही असं सांगितलं की साहेब आल्यावर भाभींकडेच बघत बसतात. गटाची रीत म्हणून सांगितलं की सगळ्या त्यात झाकल्या जातात. सचिवेने विचारलं, "मग मी हात मिळवायचाच नाही का?" तिला सांगितलं, दारात सगळ्यांचा नमस्कार, आणि नंतर ओळख करून देताना जिला हात द्यायचा तिने आपणहून द्यावा. पाहुण्याचा हात रिकामा आहे आणि तो आपल्याकडे वळला आहे, असं बघून हात अर्धाच पुढे करायचा, कमरेच्या थोडा वर. अर्ध्या हाताला समोरच्याला यायलाही जागा असते आणि हात जोडायलाही. थेट पोटाशी हात नेला तर त्याला पर्याय उरत नाही.

सहा महिन्यांनी तेच साहेब कर्जाचा आढावा घ्यायला आले. या वेळी काकू ओसरीच्या पायरीवर उभ्या होत्या. गाडीतून उतरून साहेब फाटकाशी आले तोच काकूंचा आवाज आला, "नमस्कार साहेब, या, ऊन फार आहे." साहेबांचे हात आपोआप जोडले गेले. मला वाटतं, त्यांच्याही मनात ती आठवण असणार, कारण ते जरा सुटल्यासारखे हसले. आत सगळ्यांनी बसूनच नमस्कार केला, भाभींनी छातीवर हात ठेवला आणि साहेबांनी भाभींना तसंच उत्तर दिलं. ओळख सुरू झाल्यावर सचिवेने हात अर्धा पुढे केला. साहेबांनी घेतला आणि विचारलं, "महिन्याला किती किलो चटणी जाते?" ती तयारच होती.

चहा झाल्यावर काकूंनी स्वतः विषय काढला. चालू कर्जाचे हप्ते आता बदलता येणार नाहीत, असं साहेब म्हणाले. पुढच्या कर्जाला छत्तीस मागा, अर्जातच लिहा आणि पेरणीचं कारणही लिहा, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे हे कर्ज संपेपर्यंत साडेबारा हजारच भरायचे होते. त्याला इलाज नव्हता. काकूंनी सचिवेला तिथल्या तिथे वहीत ते लिहून घ्यायला लावलं.

साहेब निघाले तेव्हा सगळ्या दारापर्यंत गेल्या, नमस्कार झाले. काकू मात्र पायरी उतरून गाडीपर्यंत गेल्या. गाडीत ड्रायव्हर बसून होता, दोन तास. त्याला पाणी सुद्धा कुणी विचारलं नव्हतं. काकूंनी खिडकीशी उभं राहून त्याला हात जोडले आणि म्हणाल्या, "दादा, पुढच्या वेळी आत या, चहा तुमचाही असतो."